दांडीखाली मऊ अंडं सापडलं, कवचच नाही. असं का होतं?

कातळावरचा
मंडळी, एक विचारायचंय. गुहागरच्या बाजूला घर आहे, पाच गावठी कोंबड्या न एक कोंबडा. आज सकाळी सहाला खुराडं उघडलं तर दांडीच्या बरोबर खाली, शिटेत, एक अंडं पडलेलं. उचललं तर लिबलिबीत! पाणी भरलेल्या पिशवीसारखं, बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि सोडलं की परत वर येतो. साईझ रोजच्या अंड्याएवढीच. फोडून बघितलं तर आत बलक आहे, पांढरं आहे, सगळं जिथल्या तिथे, फक्त वरचं टरफल नाही.
तांबडीचं असावं असा संशय आहे कारण ती रोज साडेदहाच्या आसपास पडवीतल्या पाटीत बसते आणि आज बसलीच नाही, नुसती परसात उकरत फिरतेय. खातेपिते व्यवस्थित. आई म्हणते अपशकुन आहे, लांब नेऊन टाक. बायको म्हणते कॅल्शियम कमी पडलं. मला फक्त एवढं कळायला हवंय की अर्धवट अंडं येतंच कसं, अंडं काय टप्प्याटप्प्याने बनतं का आत?

गजालीवाला
अरे बाबा अंडा पोटातसून मऊच येता, भायर इला की वारो लागान घट होता. आमची आजी सांगी. तुझ्या खुराड्यात वारो नाय म्हणान तसाच रवला. खुराड्याक झरोको ठेव, झाला काम.

चाकरमानी_ठाणे
प्लास्टिकचं अंडं असणार. व्हॉट्सॅपवर व्हिडिओ बघितला होता, वरची कातडी रबरासारखी ताणली जाते. खाऊ नका कोणी. आणि कुठून घेतलं ते दुकान आधी सांगा.

कातळावरचा
@चाकरमानी भाऊ, दुकान नाही हो, कोंबडी आहे. माझ्याच खुराड्यात माझ्याच कोंबडीने टाकलंय. आता ती प्लास्टिक खात असेल तर वेगळी गोष्ट.

आप्पा_पशुधन
आत्ता बघितला धागा. मी डॉक्टर नव्हे, पण पशुसंवर्धनात पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाली आणि त्यात कोंबड्याच जास्त बघितल्या.
आधी गजालीवाल्याचं. आजीचं निरीक्षण चुकीचं नाही, अर्थ चुकला. कोंबडी पाटीतून उठल्या उठल्या अंड्याला हात लावून बघा, ते ओलं आणि चकचकीत लागतं, दोन-तीन मिनिटांत सुकतं आणि मग मंद दिसायला लागतं. सुकतो तो वरचा एक पातळ लेप. खालचं कवच मात्र बाहेर येतानाच पूर्ण कडक असतं, वाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो लेप कवचाची हजारो बारीक छिद्रं झाकून ठेवतो, म्हणून घरची अंडी धुवून ठेवू नयेत, पावसाळ्यात तर मुळीच नाही. लेप गेला की ओल न जंतू छिद्रातून आत.
आता कातळावरचे तुम्ही. प्लास्टिक नाही, अपशकुन नाही, आणि कॅल्शियम आहे की नाही ते लगेच सांगता येणार नाही. मला एक-दोन गोष्टी हव्यात. फोडल्यावर ती कातडी टाकून दिलीत का? असेल तर हाताला कशी लागते, फुग्यासारखी गुळगुळीत की बारीक खरखरीत? काल ही तांबडी किती वाजता अंडं देऊन उठली? आणि काल रात्री घराजवळ काही झालं का, कुत्रं, मुंगूस, कांडेचोर, काहीही?

कातळावरचा
आप्पा, कातडी आहे, बायकोने टाकू दिली नाही, म्हणाली कोणीतरी विचारेल 😀 आता वाळलीय. एका बाजूला गुळगुळीत आहे पण बाहेरच्या बाजूला पोलिश पेपरसारखी, शून्य नंबरच्या. पांढरे बारीक कण दिसतात उजेडात धरलं की.
काल तांबडी दहाला उठली असेल, तेव्हा मी चहा पीत होतो, ती ओरडत बाहेर आली.
रात्री काय झालं म्हणजे... शिमगा चालू आहे आप्पा! पालखी आमच्या अंगणात होती, ढोल-ताशे, सनई, पोरांनी फटाके पण लावले. खुराडं अंगणाच्या कडेलाच आहे. अकराच्या सुमारास आली न बारापर्यंत होती.

सुरंगी
धागा वाचून लहानपण आठवलं. आमच्याकडे वेंगुर्ल्याला पाहुणे आले की परसातली कोंबडी कापायचे आणि अंड्यावरची कोंबडी निघाली तर पोटात पिवळ्या गोळ्यांचा घोस असायचा, द्राक्षांसारखा. एक मोठा, पूर्ण बलकाएवढा, मग जरा लहान, मग अजून लहान, शेवटी मोहरीएवढे. ते सागोतीत सोडायचे आणि आम्हा मुलांची त्यावरून भांडणं. एकदा तर आत टरफलासकट अख्खं अंडं मिळालं होतं. तो घोस म्हणजे पुढची अंडी ना? मग प्रत्येकाला टरफल कधी चढतं?

आप्पा_पशुधन
सुरंगीताईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं, त्या घोसापासूनच सुरू करू.
तो घोस म्हणजे अंडाशय. कोंबडीला डाव्या बाजूचाच कामाचा असतो, उजवा पिल्लूपणीच मागे पडतो. बलक तिथे बनत नाही हे पुष्कळांना माहीत नसतं, तो माल बनतो कलेजीत, रक्तातून येतो आणि त्या गोळ्यात साठत जातो. मोहरीएवढा गोळा महिनोन् महिने तसाच बसून असतो पण एकदा त्याची पाळी आली की सात-आठ, फार तर दहा दिवसांत भराभर फुगतो. म्हणून घोसात एकाखाली एक साईझ दिसतात. सगळ्यात मोठा तो उद्याचा, त्याच्याखालचा परवाचा. पिवळेपणा चाऱ्यातून येतो, परसात गवत-पाला खाणाऱ्या कोंबडीचा बलक केशरी आणि नुसत्या तांदळाच्या कण्यांवरच्या कोंबडीचा फिका, त्यावरून पौष्टिकपणाचा हिशेब मात्र लावू नका.
प्रत्येक गोळा एका पातळ पिशवीत असतो, पिशवीवर रक्तवाहिन्यांचं जाळं, पण एक पट्टा असा असतो की जिथे त्या जवळजवळ नसतात. पिशवी त्या पट्ट्यावर फाटते आणि बलक सुटतो. कधी जरा बाजूला फाटली की रक्ताचा ठिपका बलकावर येतो. लोक म्हणतात त्यात पिल्लू धरलं होतं, तसं काही नाही.
इथपर्यंतचं काम दिवसांचं. पुढचं सगळं साधारण एका दिवसाचं, २४ ते २६ तास. जेवून येतो, मग तांबडीचं घड्याळ लावून बघू.

नवीन_कुक्कुटपालक
एवढं लांबवायची गरज नाही. मऊ अंडं म्हणजे कॅल्शियमची कमतरता. माझ्याकडे ५० वनराज आहेत, मी खाद्यात रोज कॅल्शियम पावडर मिसळतो, प्रॉब्लेम खलास. तुम्ही पण चुना द्या, आपल्याकडे पानाच्या टपरीवर मिळतो तो.

आप्पा_पशुधन
@नवीन_कुक्कुटपालक पावडरीवर येतो नंतर. पण टपरीवरचा चुना नका देऊ कोणी, तो दाहक असतो, कोंबडीचं तोंड न अन्ननळी भाजेल. शिंपल्यांचा चुरा वेगळा आणि भट्टीत भाजून विरवलेला चुना वेगळा.
हां, तांबडी. काल १० वाजता अंडं देऊन उठली. अंडं दिल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो, म्हणजे साडेदहा धरा. तो पडतो नळीच्या तोंडात. हे तोंड नरसाळ्यासारखं पसरट असतं आणि बलक पकडायला हलत असतं. इथे बलक वीस मिनिटं वगैरेच असतो पण कोंबड्याचं बी गाठायचं असेल तर ते इथेच, पुढे पांढरं चढलं की दार बंद. कोंबडा रोज लागत नाही, बी नळीच्या खालच्या भागात साठून राहतं, आठ-दहा दिवस सहज, कधी त्याहून जास्त. आणि बी नसलं तरी पुढचं सगळं काम तसंच होतं, नळीला फरक पडत नाही.
अकराच्या जरा आधीपासून ते दोनपर्यंत, म्हणजे तीन तास, बलक नळीच्या सगळ्यात लांब भागातून गोल फिरत जातो आणि त्यावर पांढरं चढतं. इथे चढतं ते घट्ट, जेलीसारखं, पाणी कमी असलेलं. पुढे नळी अरुंद होते, तिथे सव्वा तास. तिथे दोन पापुद्रे विणले जातात, विणले म्हणजे खरोखर धाग्यांचे, म्हणून तर ते ताणले जातात आणि कागदासारखे टरकतात. तुमच्या हातात जी कातडी आहे ना ती हीच. उकडलेल्या अंड्याच्या सालीला आतून चिकटलेला असतो तो पापुद्रा, दोन एकावर एक.
म्हणजे दुपारी सव्वातीन-साडेतीनला तांबडीच्या पोटात बलक, घट्ट पांढरं आणि सैल पिशवी एवढं तयार होतं. सैल म्हणजे सुरकुतलेली, अर्धी भरलेली. तिथून अंडं उतरतं कवचाच्या पिशवीत आणि उरलेला सगळा वेळ, अठरा-वीस तास, तिथेच.

चाकरमानी_ठाणे
थांबा थांबा. पांढऱ्यात बलकाच्या दोन बाजूला पांढरी दोरी असते ती पिल्लाची नाळ ना? आमची मुलगी त्यामुळे अंडं खात नाही.

सुरंगी
@चाकरमानी माझा धाकटापण तेच म्हणतो, मी चमच्याने काढून देते 🙈

आप्पा_पशुधन
नाळ नव्हे. ती पांढऱ्याचीच, घट्ट धाग्यांची दोरी, बलकाला दोन टोकांकडून धरून ठेवते. अंडं फिरत खाली येतं तेव्हा ती पिळली जाते, एका बाजूची एका दिशेला आणि दुसऱ्या बाजूची उलट्या. त्यामुळे अंडं कसंही ठेवलं तरी बलक कवचाला जाऊन चिकटत नाही. ताज्या अंड्यात ती ठळक दिसते, म्हणजे दिसली तर आनंद माना. पिल्लू होणारा भाग म्हणजे बलकावरचा मसुराएवढासुद्धा नसलेला फिकट ठिपका, तो बी नसलेल्या अंड्यातही असतो. मुलीला सांगा बिनधास्त खा.

कातळावरचा
आप्पा तुम्ही साडेतीनला सोडलंत, पुढे? 😀

आप्पा_पशुधन
पुढेच तर खरी गंमत आहे. कवचाच्या पिशवीत उतरल्या उतरल्या कवच चढायला लागत नाही. पहिले पाच तास तिथे पाणी शिरतं, पापुद्र्यातून आत. घट्ट पांढऱ्यात ते मिसळतं, पांढरं जवळजवळ दुप्पट होतं आणि सैल पिशवी टमटमीत भरते. अंडं फोडल्यावर ताटलीत एक उंच घट्ट पांढरं दिसतं आणि एक पाण्यासारखं पसरतं, त्यातल्या पातळाचा पुष्कळसा भाग इथला.
तांबडीच्या बाबतीत हे साडेआठपर्यंत. मग कवच. पापुद्र्यावर आधीच बारीक बारीक टिंबं पेरलेली असतात, त्या टिंबांवर चुनखडीचे कण धरायला लागतात, तिथून खडे उभे वाढतात आणि एकमेकांना भिडतात. कुठे भिडायचं राहतं तिथे छिद्र, ज्यातून पुढे पिल्लू श्वास घेतं. साडेआठपासून जवळजवळ सकाळपर्यंत एकसारख्या वेगाने हे चालतं. गावठी अंडं ४० ग्रॅमचं धरा, कवच साधारण ४ ग्रॅम, म्हणजे तासाला ०.३ ग्रॅमच्या आसपास.
आता तुम्ही सांगा. अंड्याची साईझ पूर्ण, टमटमीत, म्हणजे पाणी भरून झालं होतं. तेव्हा साडेआठच्या आधी पडलेलं नाही, नाहीतर सुरकुतलेली पिशवी मिळाली असती. कातडी बाहेरून खरखरीत, म्हणजे चुनखडी धरायला लागली होती पण खडे अजून भिडले नव्हते, म्हणून वाकत होतं. मध्यरात्र उलटून दोन-तीन वाजले असते तर पातळ का होईना पण कवच असतं, दाबल्यावर चुरचुर तडकलं असतं. माझ्या हिशेबाने हे अंडं साडेदहा ते बाराच्या मध्ये पडलं. पाऊण-एक ग्रॅम चुनखडी चढली असेल.
पालखी किती वाजता म्हणालात?

कातळावरचा
अकरा!! आप्पा कमाल आहे. अंगावर काटा आला.

आप्पा_पशुधन
काटा येऊ देऊ नका, घड्याळ लागतं इतकंच. कोर्टात टिकणार नाही ते. एक परीक्षा करा. त्या वाळलेल्या कातडीवर खरखरीत बाजूने व्हिनेगरचा नाहीतर लिंबाचा थेंब टाका. बुडबुडे आले तर ते कण चुनखडीचे. शिटेतला कचरा चिकटला असेल तर काही होणार नाही.
आणि आणखी एक, अंडं पाटीत न मिळता दांडीखाली मिळालं, याचा अर्थ ती अंडं घालायला बसलीच नव्हती, झोपेच्या जागेवरूनच पडलं. मऊ अंडं कुठे सापडलं हे नेहमी बघावं. पाटीत मिळालं तर वेळ पूर्ण होऊनही कवच नाही, तो कॅल्शियमचा किंवा आजाराचा संशय. दांडीखाली मिळालं तर बहुतेक वेळा वेळेआधी पडलेलं.

कातळावरचा
व्हिनेगर घरात नव्हतं, लिंबं संपलेली. कोकमाचं आगळ टाकलं. कातडी लाल झाली पण फसफसलं! बायको म्हणते आता सोलकढीत टाकू नका म्हणजे झालं.

गजालीवाला
म्हणजे आमची आजी चुकली काय? 😅

सुरंगी
मला हे पालखीचं पटत नाही आप्पा, रागावू नका. आमच्याकडे दरवर्षी शिमग्याला रोंबाट असतो, कोंबड्या खुराड्यात गप्प बसतात, असं अंडं एकदाही बघितलं नाही. पण उन्हाळा वाढला की पातळ टरफलाची अंडी येतात, हातात घेतली की फुटतात. आणि मार्च चालू आहे, दुपारी अंगाची लाही होते. उन्हाचंच असणार.

आप्पा_पशुधन
रागावतो कशाला, तुमचं अर्धं तरी खरं आहे. कवचात निम्म्याहून जास्त कार्बोनेट असतं आणि ते येतं रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडपासून. उन्हात कोंबडी चोच उघडून धापा टाकते, घाम येत नाही ना तिला, आणि धापा टाकताना तो वायू बाहेर जातो. मग कॅल्शियम असूनही जोडीला कार्बोनेट पुरत नाही. त्यात ती खातेही कमी. म्हणून एप्रिल-मेमध्ये कवच पातळ. तिथे सावली, मडक्यातलं गार पाणी आणि सकाळ-संध्याकाळचं खाणं यानेच फरक पडतो.
पण उन्हाचं कवच असतं सगळीकडून सारखं पातळ, बऱ्याच कोंबड्यांचं, बरेच दिवस. इथे एका रात्री एकाच कोंबडीचं. म्हणून मी कोंबडी घाबरली असावी याकडे झुकतो. आणि हेही कबूल करतो की घाबरलेली कोंबडी नेहमी अंडं लवकर टाकतेच असं नाही, उलटंही होतं, ती धरून ठेवते आणि मग दुसऱ्या दिवशी उशिरा अंडं येतं, वरून खडूची भुकटी मारल्यासारखं, कारण पिशवीत जास्त वेळ राहून वर आणखी थर चढला. एकच पालखी, एक कोंबडी टाकेल, दुसरी धरेल, तिसरीला काहीच नाही. तुमच्या कोंबड्या तिसऱ्यातल्या असतील.

नवीन_कुक्कुटपालक
कॅल्शियमचं नंतर सांगतो म्हणालात, राहिलंच. आणि माझ्याकडे आठवडाभर वेगळंच चाललंय, कवच आहे पण सुरकुत्या पडलेलं, आणि फोडलं की पांढरं पाण्यासारखं पसरतं. पावडर डबल केली तरी तसंच.

आप्पा_पशुधन
तुमचं आधी, कारण तुमचं जास्त गंभीर आहे. पांढरं पाणचट आणि कवचाला सुरकुत्या, एकापेक्षा जास्त कोंबड्यांत, आणि मध्ये कधी शिंका, घरघर झाली असेल तर तो संसर्गजन्य ब्राँकायटिसचा संशय. हा विषाणू श्वासाबरोबर अंडनळीलाही धरतो. घट्ट पांढरं नीट बनलं नाही की त्यावर पापुद्रा ताठ बसत नाही आणि सुरकुतलेल्या पायावर कवचही सुरकुतलेलंच चढतं. म्हणजे दोष टरफलाचा दिसतो पण बिघाड आधीच्या खोलीत झालेला असतो. पावडर चौपट केलीत तरी काही होणार नाही, जास्त कॅल्शियमने मूत्रपिंडं मात्र जातील. जवळच्या पशुवैद्यकांना दाखवा, अंडी सोबत न्या. इथे बसून मी नक्की सांगू शकत नाही.
आता पावडर. तुमची पावडर वाईट नाही, वेळ चुकते. कवच बनतं रात्री आणि कोंबडी रात्री खात नाही. ४ ग्रॅमच्या कवचात निव्वळ कॅल्शियम दीड ग्रॅम, रक्तात एका वेळी असतं त्यातून काही मिनिटांचंच काम होईल, म्हणजे रात्रभर कुठूनतरी येत राहिलं पाहिजे. पावडर पोटातून पटकन पुढे जाते. जाडसर शिंपला मात्र पेट्यात अडकून बसतो, कलेजी-पेट्यातला पेटा म्हणतोय मी, आणि तिथे रात्रभर हळूहळू विरघळत राहतो. तो नसला की कोंबडी स्वतःच्या पायाच्या हाडातून काढते. तिथे अंड्यावर आलेल्या कोंबडीला एक खास भुसभुशीत हाड तयार होतं, तेच बँक. रोज काढायचं न भरायचंच नाही असं चाललं की आधी कवच पातळ होतं आणि मग कोंबडी पायावर बसते.
आपल्याकडे तर शिंपल्यांचा तोटा नाही. तिसऱ्यांचे शिंपले उकळून, वाळवून, कुटून घ्या. पीठ करू नका, मोठ्या रव्यापेक्षा जाड, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे ठेवा. खाद्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला लागतं ती संध्याकाळी दांडीवर जायच्या आधी बरोबर येऊन खाते. तलंगांना, अंड्यावर न आलेल्यांना आणि कोंबड्याला ते लागत नाही, म्हणून वेगळं.

चाकरमानी_ठाणे
गावठी अंडं तांबूस असतं आणि सोसायटीसमोरच्या दुकानातलं पांढरं, मग तो रंग कधी चढतो? त्यात ताकद जास्त ना?

आप्पा_पशुधन
रंग जातीचा, ताकदीचा नाही. तांबूस रंग मुख्यतः शेवटच्या काही तासांत, कवच जवळजवळ झाल्यावर चढतो, आणि त्यावर शेवटचा तो लेप, गजालीवाल्यांच्या आजीचा. म्हणून तांबूस अंड्याचं कवच आतून बघितलं तर पांढरटच. जातीने तांबूस देणारी कोंबडी मध्येच एखादं फिकट अंडं देते ते बहुतेक थोडं लवकर सुटलेलं असतं.

कातळावरचा
आप्पा, मग आज ती बसली नाही म्हणजे अंडं गेलं ते गेलंच? उद्या देईल का?

आप्पा_पशुधन
आजचं अंडं तेच होतं, रात्री पडलं ते. वेळेआधी टाकलं म्हणून पुढचा बलक काही लवकर सुटत नाही, त्याचं चक्र मेंदूकडून चालतं, पहाटे इशारा जातो आणि चार-सहा तासांनी बलक सुटतो. इशारा गेला असेल तर आज अकराच्या सुमारास सुटला असेल आणि उद्या बाराच्या आसपास अंडं येईल. रोज तास-अर्धा तास उशीर होत जातो कारण काम २४ तासांत पूर्ण होत नाही. उशीर होत होत दुपार टळली की इशाऱ्याची वेळ चुकते आणि एक दिवस खाडा पडतो, मग परत सकाळपासून. तांबडीचा खाडा आला असेल तर उद्याही नाही. ढोलाचा राग धरू नका मग.

कातळावरचा
अपडेट. काल दिवसभर वाट बघितली. तांबडी पावणेबाराला पाटीत बसली, सव्वाबाराला उठली. मी लगेच हात लावला, खरंच ओलं होतं! आईला पण दाखवलं. कवच नेहमीसारखं कडक. फक्त मध्यावर बोटाला लागेल न लागेल अशी एक कड आहे, पूर्वी कधी बघितली नव्हती.
आणि आज सकाळी काळ्या कोंबडीचं अंडं पाटीतच मिळालं, पण टरफल इतकं पातळ की उचलताना अंगठा आत गेला. पालखी तर परवाच पुढच्या वाडीला गेली.

सुरंगी
बघा! मी म्हटलं होतं ऊन.

आप्पा_पशुधन
तांबडीची कड म्हणजे बहुतेक पिशवीत असताना कोवळ्या कवचाला तडा गेला आणि वरून पुन्हा थर चढला. परवा तिच्या मागे कोणी लागलं होतं का, की उडी मारताना आपटली? काळीचं मात्र पाटीत मिळालंय, तिथे माझी पालखी चालणार नाही. ती किती महिन्यांपासून अंड्यावर आहे, मधे खुडूक झाली होती का, आणि दुपारी चोच उघडून बसते का तेवढं बघा. शिंपल्यांची वाटी आज संध्याकाळी ठेवाच. आठवडाभराने सांगा, तोवर सुरंगीताईंना एक गुण.

गजालीवाला
शिंपले व्हये असतील तर सांगा, माझ्या घराकडे गोणी भरान पडलेत. आजयेच्या नावान फुकट.